एक बाटली बीअर आणि दोन मोठे: ॲपमधला हिशेब कुठे चुकतो

प्रश्न: मी नागपूरचा, वय ३८. वजन उतरवायचं म्हणून तीन महिन्यांपासून मोबाइलवरच्या ॲपमध्ये खाण्यापिण्याची नोंद ठेवतो. आठवडाभर शिस्त असते, फक्त शनिवारी मित्रांसोबत बसणं होतं. एक स्ट्राँग बीअरची बाटली, मग घरीच व्हिस्कीचे दोन मोठे कोल्यासोबत, सोबत खारे दाणे. मी ॲपमध्ये ‘बीअर १, व्हिस्की २’ असं टाकतो. ते ३ ड्रिंक आणि साडेतीनशेच्या आसपास कॅलरी दाखवतं. हे बरोबर आहे का? आणि व्हिस्कीत साखर नसते, मग बीअर सोडून फक्त व्हिस्की घेतली तर फरक पडेल का?

उत्तर:

बरोबर नाही, आणि चूक थोडीथोडकी नाही. तुमच्या शनिवारचे खरे ड्रिंक साधारण ८ होतात. नुसत्या दारूच्या कॅलरी साडेसहाशेच्या पुढे जातात, कोला आणि दाणे धरले की हजाराच्या वर. तुम्ही काही लपवलं नाही. ॲपमधली ‘एक बीअर’ आणि तुमच्या टेबलावरची एक बीअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढंच.

ॲप बहुतेक अमेरिकी मापावर चालतात. तिथली एक बीअर म्हणजे ३५५ मिलीचा कॅन, त्यात ५ टक्के अल्कोहोल आणि सुमारे १५० कॅलरी. तिथली एक व्हिस्की म्हणजे ४४ मिली, ४० टक्क्यांची, शंभराच्या आत कॅलरी. १५० अधिक दोनदा १००, झाले तुमचे साडेतीनशे. तुमची बाटली मात्र ६५० मिलीची आहे, तीही स्ट्राँग, आणि तुमचा मोठा ६० मिलीचा, तोही अगदी मापून ओतला असेल तर. म्हणून ॲपमधली तयार नावं निवडणं सोडा. आपल्या बाटलीच्या लेबलवरून स्वतः आकडा काढा. हिशेब सोपा आहे, पण त्याचा क्रम पाळायचा: आधी अल्कोहोलचे ग्रॅम, मग ड्रिंक, मग कॅलरी.

लेबलवर टक्केवारी लिहिलेली असते. ती घनफळाची असते, वजनाची नव्हे. ४२.८ टक्के लिहिलं असेल तर १०० मिली व्हिस्कीत ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल, असा तिचा अर्थ. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, १ मिलीचं वजन ०.७८९ ग्रॅम. तेव्हा:

```
अल्कोहोल (ग्रॅम) = मिली × टक्के ÷ १०० × ०.७८९
ड्रिंक = ग्रॅम ÷ १०
अल्कोहोलच्या कॅलरी = ग्रॅम × ७
```

यातला १० हा आकडा महत्त्वाचा. आपल्याकडे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. अन्नसुरक्षेची सरकारी संस्था एफएसएसएआयच्या नियमांत तेच १२.७ मिली अल्कोहोल असं दिलं आहे, वजन केलं की १० ग्रॅमच भरतं. अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं आणि ब्रिटनमधलं युनिट ८ ग्रॅमचं. त्यामुळे व्हिस्कीची तीच एक १८० मिलीची क्वार्टर भारतीय हिशेबात ६ ड्रिंक, ब्रिटिश हिशेबात ७.७ युनिट आणि अमेरिकी हिशेबात ४.३ ड्रिंक होते. इंटरनेटवरचा कुठलाही ‘इतके ड्रिंक चालतात’ असा सल्ला वाचताना तो कुठल्या देशाचा आहे हे पाहिलं नाही, तर तुलनेला अर्थच राहत नाही. स्वतःच्या वहीत ग्रॅम लिहिले की ही भानगडच उरत नाही. ग्रॅम सगळीकडे सारखेच.

आता व्हिस्की. भारतात बनलेली व्हिस्की, रम, व्होडका, ब्रँडी साधारणपणे ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये १०.१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे जवळजवळ नेमकं १ ड्रिंक आणि ७१ कॅलरी. आपला छोटा पेग आणि स्टँडर्ड ड्रिंक असे जुळतात, ही हिशेब ठेवणाऱ्याची मोठी सोय आहे. मोठा म्हणजे २ ड्रिंक, १४२ कॅलरी. नाइंटी ३ ड्रिंक. १८० मिलीची क्वार्टर ६ ड्रिंक, ४२५ कॅलरी. ७५० मिलीचा खंबा २५ ड्रिंकचा. टक्केवारी सारखी असेल तर व्हिस्की, रम, व्होडका यांत कॅलरीचा फरक नाही. रमचा रंग गडद म्हणून ती जड आणि व्होडका पारदर्शक म्हणून हलकी, हे फक्त डोळ्यांना वाटतं.

बीअरमध्ये खरी गोम आहे. स्ट्राँग बीअरच्या बाटलीवर बहुधा एक आकडा नसतोच; अल्कोहोल ५ टक्क्यांपेक्षा जास्त, पण ८ टक्क्यांपर्यंत, असं लिहिलेलं असतं. आत नेमकं साडेसहा आहे की पावणेआठ, ते कळत नाही. ८ टक्के धरले तर ६५० मिलीत ४१ ग्रॅम, म्हणजे ४.१ ड्रिंक. साडेसहा धरले तर ३३ ग्रॅम, ३.३ ड्रिंक. नोंद ठेवताना वरचा आकडा धरावा, कारण चूक झालीच तर ती स्वतःला फसवण्याच्या बाजूने होऊ नये. लेबलवर एकच नेमकी टक्केवारी छापली असेल तर अर्थातच तीच घ्या. माइल्ड बीअर ५ टक्क्यांपर्यंत असते. तिची ६५० मिलीची बाटली २.६ ड्रिंकची आणि ३३० मिलीचा पाइंट १.३ चा. म्हणजे ‘मी दारू घेत नाही, फक्त बीअर घेतो’ म्हणणाऱ्याच्या एका स्ट्राँग बाटलीत व्हिस्कीच्या दोन मोठ्यांएवढं अल्कोहोल असतं. काही लोकांना हे पटायला वेळ लागतो. त्यांनी वरचा गुणाकार स्वतः करून पाहावा.

बीअरच्या कॅलरीत अल्कोहोलशिवाय आणखी एक भाग असतो. जवाच्या माल्टमधली सगळी साखर यीस्ट खात नाही. उरलेलं कर्बोदक बाटलीतच राहतं. साध्या लागरमध्ये १०० मिलीला ३ ते ४ ग्रॅम धरा, स्ट्राँगला ४. दर ग्रॅमला ४ कॅलरी. तुमच्या स्ट्राँग बाटलीत अल्कोहोलच्या २८७ आणि कर्बोदकांच्या सुमारे १०० मिळून ३९० च्या आसपास होतात. माइल्डची मोठी बाटली २७० च्या घरात जाते. अल्कोहोलचा आकडा बराच पक्का असतो, कर्बोदकांचा अंदाजाचा, म्हणून बीअरच्या नोंदीत वीस-तीस कॅलरी इकडेतिकडे होणारच. त्यावर डोकं शिणवू नका.

‘व्हिस्कीत साखर नाही’ या तुमच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. साखर नाही हे खरं, कर्बोदकं शून्य हेही खरं. पण अल्कोहोलच दर ग्रॅमला ७ कॅलरी देतं. साखर ४ देते, तेल-तूप ९. अल्कोहोल साखरेपेक्षा तेलाच्या जवळचं. बीअरऐवजी तेवढ्याच ड्रिंकची व्हिस्की घेतली तर फक्त माल्टच्या शंभरेक कॅलरी वाचतील, आणि त्यासोबत एक ग्लास कोला आला की त्या तिथल्या तिथे परत येतील.

इथे ॲपचा आणखी एक दोष सांगायला हवा, कारण तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ॲपमध्ये प्रथिनं, कर्बोदकं आणि चरबी असे तीन रकाने असतात. अल्कोहोलला रकानाच नसतो. काही ॲप या तिन्हींवरून एकूण कॅलरी स्वतः काढतात. अशा ॲपमध्ये व्हिस्कीचा पेग नव्याने भरताना तिन्ही रकाने शून्य टाकले, तर कॅलरीही शून्य दिसतात आणि क्वार्टरच्या सव्वाचारशे कॅलरी गायब होतात. ओळखायची खूण सोपी: दिवसाच्या प्रथिनांना आणि कर्बोदकांना ४ ने, चरबीला ९ ने गुणून बेरीज करा. दारूच्या दिवशी ही बेरीज ॲपच्या एकूण कॅलरीपेक्षा कमी यायला हवी, कारण मधला फरक अल्कोहोलचा. दोन्ही तंतोतंत जुळत असतील तर अल्कोहोल मोजलंच गेलेलं नाही. मग कॅलरी थेट लिहायची सोय आहे का पाहा. ती नसेल तर अल्कोहोलच्या कॅलरींना ४ ने भागून तेवढे ग्रॅम कर्बोदकांत टाका आणि नावापुढे ‘अल्कोहोल’ असं लिहून ठेवा. ही तडजोड आहे, पण बेरीज तरी खरी राहते.

दुसरी गल्लत वजनाची. परदेशी तक्त्यांत बरेचदा १०० ग्रॅमचे आकडे असतात. ४३ टक्क्यांच्या दारूला १०० ग्रॅमला २५० कॅलरी असं दिसतं. तोच आकडा १०० मिलीला लावला तर पाचेक टक्के जास्त धरले जातात. फरक लहान आहे, पण ‘माझा हिशेब तक्त्याशी जुळत नाही’ याचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

आता तुमच्या घरच्या ‘मोठ्या’कडे येऊ. बारमध्ये पेगमेजर असतो. घरी ग्लासच्या बुडाशी दोन बोटं, असा हिशेब चालतो. ग्लास रुंद असेल तर ती दोन बोटं सहज ८० मिली भरतात, म्हणजे २ नव्हे, २.७ ड्रिंक. यावर उपाय एकदाच करायचा. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. नेहमीच्या ग्लासात सहा सिरिंज पाणी टाका आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून टेपची पट्टी चिकटवा. ती तुमची ६० ची खूण. स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर त्याहून सोपं: रिकामा ग्लास ठेवून काटा शून्य करा आणि ५७ ग्रॅम होईपर्यंत ओता. ६० ग्रॅम नव्हे. व्हिस्की पाण्यापेक्षा हलकी असल्याने ६० मिलीचं वजन ५७ भरतं. बर्फ आणि सोडा त्यानंतर. नागपूरच्या मे महिन्यात बर्फ बघता बघता विरघळतो आणि ग्लास भरलेलाच दिसतो. पाणी वाढतं, अल्कोहोल तेवढंच राहतं. गडबड होते ती अर्ध्या ग्लासात पुन्हा ओतल्याने. यजमान प्रेमाने ‘थोडीशी घे’ म्हणत भरत राहतो, आणि आपण दोन घेतले की साडेतीन, ते त्यालाही सांगता येत नाही. ग्लास संपल्याशिवाय नवीन ओतायचं नाही, एवढा एक नियम पाळला तर मोजणी टिकते. बाटली घरचीच आणि पिणारे एकटे तुम्हीच असाल, तर बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम कमी झाले त्यांना ०.९५ ने भागलं की मिली मिळतात.

आता तुमचा शनिवार ओळीने मांडतो. स्ट्राँग बीअरची एक बाटली, ८ टक्के धरून: ४१ ग्रॅम अल्कोहोल, ३९० कॅलरी. व्हिस्कीचे दोन मोठे, नीट ६० मिलीचे: ४०.५ ग्रॅम, २८४ कॅलरी. अल्कोहोलची बेरीज साडेएक्क्याऐंशी ग्रॅम, म्हणजे ८ ड्रिंक. ॲपच्या १४ ग्रॅमच्या अमेरिकी मापानेही ते जवळपास ६ होतात, ३ नाही. प्रत्येक मोठ्यात २०० मिली कोला धरला तर ४०० मिली झाला. साध्या कोल्याच्या १०० मिलीला ४४ कॅलरी, म्हणजे १७५. सोबतीचे खारे दाणे ५० ग्रॅम, म्हणजे दोन लहान मुठी: २९० च्या आसपास. सगळं मिळून ११४० च्या जवळ. ॲपने साडेतीनशे दाखवले होते. आठवडाभर रोज शंभर-सव्वाशे कॅलरी वाचवल्या असतील, तर त्या एका रात्रीत परत आल्या.

यात कापाकापी करायची असेल तर सगळ्यात स्वस्त जागा कोल्याची. त्याजागी साधा सोडा आणि लिंबू-मीठ घेतलं तर १७५ च्या जवळपास शून्य होतात, आणि अल्कोहोलला हातही लागत नाही. टॉनिक वॉटर मात्र सोड्यासारखं शून्य नसतं, त्यात साखर असते. दाण्यांच्या जागी काकडी-टमाटर किंवा फुटाणे चालतील. आणि बसणं संपल्यावर सावजीला जायचं ठरलं तर तिथला अचूक आकडा कुणीच काढू शकत नाही, कारण तर्रीत किती तेल आहे ते वाटीवरून कळत नाही. पोह्याच्या चमच्याने मोजायचं झालं तर १५ मिली तेलाला १२० कॅलरी. वाटीवर तरंगणारं तेल तीन चमचे असेल तर साडेतीनशे तिथेच लागले. असं अंदाजाने लिहा, पण लिहा.

वाइनचं थोडक्यात. १३ टक्क्यांच्या १५० मिलीच्या ग्लासात १५.४ ग्रॅम अल्कोहोल, दीड ड्रिंक, आणि वाइन कोरडी असेल तर सुमारे १२५ कॅलरी. पूर्ण बाटली ७.७ ड्रिंकची. गोड वाइन असेल तर साखर वेगळी मोजा. लिटरला १०० ग्रॅम साखर असलेल्या वाइनच्या एका ग्लासात त्याच ६० कॅलरी जास्तीच्या. गोड, फळांच्या चवीच्या रंगीत बाटल्या मिळतात, २७५ मिलीच्या आणि ४.८ टक्क्यांच्या, त्या १ ड्रिंकच्या असतात, पण निम्म्याहून जास्त कॅलरी साखरेच्या असू शकतात.

देशीच्या बाटलीवर कधी टक्क्यांऐवजी ‘यूपी’ म्हणजे अंडरप्रूफ असतं. जुन्या ब्रिटिश मापात पूर्ण प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. २५ यूपी म्हणजे त्यातून पाव भाग कमी, म्हणजे ४२.८ टक्के, अगदी व्हिस्कीएवढीच. ५० यूपी म्हणजे निम्मे, २८.५ टक्के; त्याची १८० मिली ४ ड्रिंकची. संत्र्याची चव असली तरी अल्कोहोल लेबलवरच्या आकड्याएवढंच. घरी काढलेल्या मोहाच्या दारूला मात्र हा हिशेब लागूच होत नाही. तिची ताकद हंडीगणिक बदलते, पहिल्या धारेची वेगळी आणि शेवटची वेगळी. तिच्यासमोर ड्रिंकचा आकडा लिहिणं म्हणजे अंदाजाला दशांश चिन्ह लावणं.

कॅलरी बाजूला ठेवून ग्रॅमकडे एकदा पाहा. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेण्याला जागतिक आरोग्य संघटना ‘जड बैठक’ या गटात मोजते. ६० ग्रॅम म्हणजे नेमकी एक क्वार्टर, किंवा दीड स्ट्राँग बाटली. तुमचा शनिवार त्या रेषेच्या पुढे आहे. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. ८१ ग्रॅमला ८ ते १२ तास लागतात, आणि ते लिंबूपाणी, थंड आंघोळ किंवा कडक चहाने कमी होत नाहीत. रात्री १२ ला शेवटचा ग्लास संपला तर रविवारी सकाळी ८ ला रक्तात अल्कोहोल असू शकतं. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ‘मी आता त्याच्या खाली असेन’ असं ठरवण्यासाठी हा हिशेब कुणी वापरू नये, कारण माणसामाणसात फरक मोठा असतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दारूच्या रात्री जेवण टाळून कॅलरी ‘भरून काढणं’ धोक्याचं आहे. यकृत अल्कोहोलच्या मागे लागतं आणि रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं. रात्री झोपेत साखर खाली गेली तर घाम आणि बडबड नशेचीच वाटते.

एक गोष्ट तुम्हाला लागू नाही, पण हे वाचून नोंद सुरू करणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू असेल. महिनाभराच्या वहीत रोज एक क्वार्टर किंवा त्याहून जास्त दिसत असेल आणि सकाळी हात थरथरत असतील, तर आकडा पाहून घाबरून एका दिवसात बंद करू नये. रोजची सवय झालेलं शरीर अचानक तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. अशांनी आधी मेडिकल कॉलेजच्या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना वही दाखवावी, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोलावं. ‘कधी कधी घेतो’ असं सांगण्यापेक्षा ‘रोज ६० ग्रॅम, आठ महिन्यांपासून’ असं सांगितलं तर औषध किती आणि किती दिवस द्यायचं, हे डॉक्टरांना ठरवता येतं.